अंड्याविना, किलोमागे शंभर

केक किलोच्या भावानं मिळतो, एवढंच रत्नाला ठाऊक होतं, आणि तिथंच तिची पहिली फसगत झाली. कांदा किलोवर मिळतो, तांदूळ मिळतो, पेढा मिळतो. दोन दुकानं फिरायची, जिथं भाव कमी तिथं पिशवी उघडायची आणि घरी यायचं. केकचं असं नसतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगणार तरी कोण? राजगडाच्या पायथ्याच्या पालीत आजवर जे केक आले ते वेल्ह्याच्या दुकानातून, पुठ्ठ्याच्या खोक्यात, एका किलोचे, गुलाबी फुलांचे. रत्नाच्या नवऱ्यानं, कुमारनं, जीपच्या बॉनेटवर ठेवून आणायचे, पोरांनी तोंडाला फासायचे, विषय संपला.

यंदाचा केक मात्र तसा नव्हता. यंदाचा केक रत्नाच्या सासूबाईंचा होता, आणि त्यात अंडं असून चालणार नव्हतं.

बनाबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, तीही आज-कालची नव्हे, तीस वर्षांची. त्यामुळे नात राजनंदिनीचा वाढदिवस आला की म्हातारी टाळ्या वाजवायची, ओवाळायची आणि केक कापला की हळूच मागं सरकायची. कुणी ताटली पुढं केलीच तर म्हणायची, "मला गोड सोसत न्हाई." सोसत नाही म्हणे! पुरणाच्या चार पोळ्या तुपात बुडवून खाणारी बाई ती. गेल्या वर्षी रत्नानं एक गोष्ट पाहिली. सगळे बाहेर गप्पा मारत असताना म्हातारीनं केकची एक ताटली उचलली, नाकाशी नेली, डोळे मिटून वास घेतला आणि परत होती तशी ठेवून दिली. रत्ना दारात उभी होती. ते तिनं मनाशी धरून ठेवलं.

कारण अंड्याचा हिशेब त्या दोघींमध्ये जुना होता. राजनंदिनीच्या वेळी रत्ना अशक्त होती, डॉक्टरांनी रोज दोन अंडी सांगितली होती. घरात अंडं शिजत नव्हतं. रत्ना म्हणाली, राहू दे. तर ह्याच बनाबाईंनी परड्यात तीन दगडांची चूल मांडली, वेगळं पातेलं आणलं आणि गळ्यात माळ असताना, तोंडाला पदर लावून, दोन महिने रोज अंडी उकडली. रोज सोलून सुनेच्या हातात दिली आणि रोज त्यानंतर डोक्यावरून पाणी घेतलं, ऐन थंडीत. कधी बोलून दाखवलं नाही. रत्ना ते विसरली नव्हती. सोळा वर्षं झाली, तिला वाटत होतं की आपण ह्या बाईला एकदा, एकदाच, अंडं नसलेला केक आपल्या हातानं भरवावा. एवढंच. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं.

मुहूर्तही आयता चालून आला. आधार कार्डाप्रमाणे एक जूनला बनाबाई सत्तर वर्षांच्या होत होत्या. आता एक जून ही काही खरी तारीख नव्हे. पालीत साठीच्या पुढची निम्मी माणसं एक जूनलाच जन्मलेली आहेत. कागद करायच्या वेळी साहेबाला तारीख लागते, म्हातारी सांगते "भात लावणीच्या आदी," साहेब एक जून टाकतो. पण खोटी तारीख म्हणून काय झालं? खरी कुणाला ठाऊक होती?

शनिवार-रविवारी गडावर येणाऱ्यांना रत्ना झुणका-भाकर करून घालायची, त्यातले चार हजार तिनं बाजूला ठेवले होते. कुमारला तिनं बेत सांगितला. बाकी कुणाला नाही. घरात सांगितलं की केक राजनंदिनीच्या दहावीच्या निकालाचा. पोरीला एक्क्याऐंशी टक्के पडलेले, कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. हे खोटं बोलताना रत्नाला लई हुशारी वाटली होती. असो.

गुरुवारी ती अर्ध्या तिकिटाच्या एसटीनं निघाली. पहिलं दुकान कापूरहोळच्या चौकातलं, काचेचं, आत गार हवा. काउंटरवरच्या माणसानं सांगितलं, "पाचशे रुपये किलो."

रत्नाचा जीव भांड्यात पडला. तीन किलो म्हणजे पंधराशे. उरलेल्या पैशांत सासूला लुगडं होईल, अशी स्वप्नं रंगवत ती म्हणाली, "दोन थरांचा पायजे. आन् अंडं नको."

"एगलेसचे किलोमागे साठ जादा. तीन किलोचे एकशे ऐंशी. दोन थरांना कमीत कमी तीन किलो लागतोच, आणि थर बसवायचे तीनशे."

"बसवायचे म्हंजी? वर ठिवायचा की."

"ताई, नुसता ठेवला तर वरचा खाली धसतो. आत नळ्या घालून टेकू द्यावा लागतो, मधे पुठ्ठा घालावा लागतो." माणूस सवयीनं बोलत होता. "डिझाइन काय?"

रत्नानं मोबाईलमधलं चित्र दाखवलं. झेंडूची फुलं आणि भाताच्या लोंब्या. त्यानं ओठ मुडपले. "ह्याला हातकाम आहे. पाचशे. आणि पोचवायचा कुठं?"

"पालीला. राजगडाच्या पायथ्याला."

"किलोमीटरला पंचवीस. तीस धरा. साडेसातशे."

पाचशे रुपयांचा केक रत्नाच्या डोळ्यांदेखत तीन हजार दोनशे तीस रुपयांना जाऊन टेकला. तिनं मनात दोनदा बेरीज केली, पण बेरीज काही कमी होईना. तरी बजेटात बसत होता, ती होही म्हणणार होती. तेवढ्यात तिनं एक प्रश्न विचारला. "बिनअंड्याचं भांडं येगळं असतं ना?"

"एकच मशिन आहे ताई. स्वच्छ धुऊन घेतो ना."

माणूस खोटं बोलला नाही, हे रत्नाला आवडलं. पण माळकऱ्याला धुतलेलं चालत नाही. ती "बगते" म्हणाली आणि भोरच्या एसटीत बसली.

भोरच्या बाजारपेठेतल्या बेकरीत भाव साडेसहाशे. पण मालक दिलदार. तो म्हणाला, "दोन थर सोळाशेत देतो. एगलेस, डिझाइन, सगळं धरून."

रत्ना आता शहाणी झाली होती. एवढं स्वस्त म्हटल्यावर तिनं विचारलं, "वजन किती?"

"एक किलो."

"एका किलोत दोन थर?"

"वरचा थर खरा. खालचा थर्माकोलचा, वरून क्रीम लावतो. फोटोत अजिबात कळत नाही."

"सुरी घातल्यावर कळंल का न्हाई?"

"खालच्यात सुरी घालायचीच नाही, ताई."

पाली गावात चाळीस माणसं अंगणात जमणार, त्यातली दहा तरी खालच्या थराकडं बोट दाखवणार, आणि रत्ना काय सांगणार, की तो मान्यवरांसाठी आहे? तिला हसू आवरेना. "आन् दोन्ही खरे केले तर?" तीन हजारांच्या पुढं जात होता, पोचवायला फार तर नसरापूरपर्यंत, आणि भांड्यांचं विचारल्यावर मालकानं "तुम्ही कशाला काळजी करता" असं उत्तर दिलं. ह्या उत्तराचा अर्थ प्रत्येक बाईला कळतो.

तिसरा पत्ता वैदेहीचा. एका वह्यापुस्तकांच्या दुकानाच्या काचेवर तिचा नंबर चिकटवलेला होता. भोरातच, एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर तिचं घर; नवरा कचेरीत, आणि ही स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत केक करते. रत्ना गेली तेव्हा ती एका केकवर साखरेचा मोर चिकटवत होती. हात न थांबवता तिनं भाव सांगितला. "आठशे रुपये किलो."

आठशे! रत्ना उंबऱ्यावरूनच परत फिरणार होती. पण तिची नजर मांडणीवर गेली. एका फळीवरच्या सगळ्या भांड्यांना, झाऱ्यांना, अगदी बीटरच्या पात्यांनाही हिरवी चिकटपट्टी लावलेली होती.

"ही काय म्हून?"

"ती एगलेसची. त्यात अंडं कधी जात नाही. माझ्या सासूबाई खात नाहीत ना, आधी त्यांच्यासाठी वेगळी ठेवली, मग गिऱ्हाइकंही मागायला लागली." वैदेहीनं मोर पुरा केला आणि वर पाहिलं. "किलोमागे शंभर जास्त पडतात, आधीच सांगते. अंडं स्वस्त असतं. त्याच्या जागी दूध आटवून घालावं लागतं, दही लागतं. थराचे वेगळे पैसे घेत नाही. लोंब्या एकेक हातानं कराव्या लागतील, त्याचे सहाशे. पोचवायचे किलोमीटरला वीस, पाली म्हणजे चाळीसएक किलोमीटर, आठशे. स्वतः नेलात तर पोचवायचे शून्य, पण माझ्या दारातून बाहेर पडल्यावर मोडला तर जबाबदारी तुमची."

रत्ना घरी आली. कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून तिनं पाठीमागं रेघा मारल्या: वजन, थर, नक्षी, अंडं, पोचवणं. खाली तीन नावं. किलोचा भाव तिनं मुद्दाम शेवटी लिहिला, कारण त्यानंच तिला चकवलं होतं. बेरजा झाल्या. वैदेहीचा केक चार हजार शंभर. सगळ्यांत महाग, आणि चार हजारांच्या वर शंभर. पण पोचवण्याचे आठशे काढले तर तीन हजार तीनशे. कुमारची जीप होतीच. तरी सगळ्यांत महागच, पण ती हिरवी पट्टी रत्नाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. तो रकाना तिच्या कागदात नव्हता, पण तोच सगळ्यात जड होता.

पालीत घरात मोबाईल लागत नाही. अंगणाच्या टोकाला उंबराखाली उभं राहावं लागतं, आणि तिथंही मोबाईल कानाला लावला की रेंज जाते, म्हणून स्पीकरवर हातभर लांब धरून बोलायचं. रत्नानं तसाच धरला आणि वैदेहीला ऑर्डर दिली. तीन किलो, दोन थर, लोंब्या, वर सत्तरचा आकडा. पलीकडून वैदेहीचा आवाज साऱ्या अंगणात घुमला: "अंड्याविना, म्हणजे किलोमागे शंभर जास्त, तीन किलोचे तीनशे. घरातल्या मोठ्या बाईंची सत्तरी म्हणालात ना?" शेवटच्या वाक्याला रेंज गेली आणि आवाज फाटला. रत्नानं "व्हय" म्हटलं, पंधराशे मोबाईलवरूनच पाठवले आणि मोबाईल उंबराच्या फांदीत अडकवून भाकरी थापायला आत गेली. गोठ्यात म्हैस धारेला उभी होती. कोण धार काढतंय ते तिनं पाहिलं नाही.

एक जूनला सकाळी सातला कुमार भोरहून केक घेऊन निघाला, उन्हाच्या आत. दोन थर दोन वेगळ्या खोक्यांत, खालच्यात चार नळ्या खुपसलेल्या, वरचा घरी गेल्यावर ठेवायचा. नसरापूरपासून पुढं त्यानं जीप अशी हाकली की जणू मागं बाळंतीण बसली आहे. मागच्या टेम्पोवाल्यांनी शिव्या घातल्या, त्यानं ऐकून घेतल्या. घरी आल्यावर पाण्याच्या बाटल्यांच्या फ्रीजमधली मधली जाळी काढून खोकी आत ठेवली आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "तीनशे रुपये वाचवले."

"ते कसं?"

"अठराशे द्यायचे व्हते ना? पंधराशेच दिले. म्या तिथं नुसता हुबा ऱ्हायलो, बाईनं आपणहून कमी केले. आपला चेहराच तसा हाय."

रत्नानं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. सतरा वर्षांत त्या चेहऱ्यानं कोथिंबिरीची जुडी स्वस्त मिळवली नव्हती. पण कामाची घाई होती, आणि तीनशे रुपये वाचले म्हटल्यावर कोण चौकशी करतं? तिनं मनातल्या मनात वैदेहीला दुवा दिला आणि पोह्यांना फोडणी घातली.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर भावकी अंगणात जमली. केक पाटावर मांडला. खरंच देखणा झाला होता. पिवळे झेंडू, त्यांतून वाकलेल्या लोंब्या, एकेक दाणा सुटा. बायका वाकून वाकून पाहत होत्या. राजनंदिनी सुरी घ्यायला पुढं आली, तेव्हा रत्नानं तिला धरून मागं ओढलं आणि कडेला बसलेल्या बनाबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"आत्या, उठा. केक तुमचा हाय."

"माझा?" बनाबाईंनी मागं वळून पाहिलं, दुसरी कुणी आत्या उभी आहे का ते.

"आज तुमी सत्तरीच्या झाला. वर बगा, सत्तर लिवलंय. राजीचं म्या खोटं सांगितलं."

लोक हसले, टाळ्या पडल्या. बनाबाईंचे सगळे दीर-जावा कौतुकानं बघायला लागले. म्हातारीच्या चेहऱ्यावर मात्र आनंद दिसेना. तिला हाताला धरून आणलं, सुरी दिली, तिनं ती कशीबशी फिरवली. रत्नानं मऊ, पांढरा, लोंबी असलेला तुकडा उचलला. सोळा वर्षांची वाट होती त्या हातात. तिनं तो सासूच्या तोंडाशी नेला.

बनाबाईंनी तोंड मिटलं.

"आत्या, खावा. अंडं न्हाई यात," रत्ना म्हणाली. "तुमची शपथ. म्या भांडी डोळ्यांनी बघून आलीया."

बनाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हाय गं."

"काय?"

"अंडं हाय त्यात. म्याच घालाय लावलं."

मग तुकड्या-तुकड्यानं सगळं बाहेर आलं. त्या दिवशी गोठ्यात धार काढणारी बनाबाईच होती. तिनं ऐकलं ते एवढंच, की केक तीन किलो, आणि अंडं नको असेल तर तीनशे रुपये जास्त. तिला वाटलं, पोरीच्या निकालाचा केक, घरात अंडं न खाणारी मी एकटी, आणि माझ्यापायी सून तीनशे रुपये भरतीय. मी तर तसाही खाणार नाही. मग रत्ना आत गेल्यावर तिनं फांदीतला मोबाईल घेतला, हिरव्या खुणेवर दोनदा बोट दाबलं, तर तीच बाई बोलली. म्हातारीनं तिला सांगितलं, म्या घरातली मोठी बोलतीय, अंडं घाला, तीनशे कमी करा. वैदेहीनं "नक्की ना आजी?" असं दोनदा विचारलंही होतं. पण फोन रत्नाच्याच नंबरवरून, बोलणारी घरातली मोठी बाई, आणि तिचीच सत्तरी. जिचा केक तीच म्हणतेय म्हटल्यावर वैदेहीनं तरी काय करावं?

कुमार आपला चेहरा कुठं लपवावा ते शोधत होता. बनाबाईंचे यजमान गेनूमामा काठीवर हनुवटी टेकून बसले होते, ते म्हणाले, "सत्तर वरसांत हिच्यासाटी पयला केक आला, त्यो बी हिनं सवताच बाटवला. आता काय म्हनावं ह्या बाईला?" लोक हसले, आणि त्या हसण्यात रत्नानं तुकडा ताटलीत ठेवला, "वाटा सगळ्यांना" म्हणाली आणि आत निघून गेली.

ती चुलीपुढं बसली. रडू आलं, राग आला, आणि कुणाचा राग करावा ते कळेना म्हणून आणखी रडू आलं. बाहेर केकचं कौतुक चाललं होतं. थोड्या वेळानं पाठीमागं बनाबाई येऊन टेकल्या.

"मला काय ठावं माझा हाय म्हून? तू राजीचा म्हनलीस."

"राजीचा असता तरी का फोन करायचा, आत्या? तीनशे रुपये तुमच्यापरीस मोठं हायेत व्हय?"

"म्या खात न्हाई, मंग माझ्यापायी कुणी का भरावं?"

"तुमी खात न्हाई म्हूनच भरत व्हते!" रत्नाचा आवाज चढला. "तुमी माझ्यासाटी अंडी उकडली, तवा तुमी म्हनला का, हिच्यापायी मी का करू म्हून? गळ्यात माळ असून रोज उकडली तुमी. थंडीत नाहत व्हता रोज, मला ठावं न्हाई असं वाटतं तुमाला? सोळा वरसं मनात घिऊन बसले मी. एकदा भरवायचं व्हतं तुमाला. तुमी तर सवताला मोजतच न्हाई. खानारात न्हाई, पैशात न्हाई, कशातच न्हाई."

बनाबाईंनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. "त्यात काय गं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्ना शेण काढून आली, तर बनाबाई धुवट लुगडं नेसून, पिशवी घेऊन ओट्यावर तयार. "चल भोरला."

"कशाला?"

"केक घ्यायला. तुजी विच्छा ऱ्हायली तर माझ्या जिवाला लागंल ते."

कुमार जीप काढू लागला, तर म्हातारीनं त्याला हातानंच बसवलं. शेवटी एसटीसाठी मार्गासनीपर्यंत सोडायला तेवढा तो आला. पुढं एसटी, बनाबाई खिडकीशी बसल्या आणि वाटेत प्रत्येक स्टॉपला विचारत गेल्या, आलं का भोर. कापूरहोळच्या चौकात रत्नानं ते काचेचं दुकान दाखवलं. "पाचशे रुपये किलो," ती म्हणाली. बनाबाईंनी त्या दुकानाकडं वळून वळून पाहिलं.

वैदेहीनं दार उघडलं, हकिगत ऐकली आणि तिचा चेहरा उतरला. "मी रत्नाताईंना फोन लावत होते, लागेना. मग वाटलं, ज्यांचा केक त्याच म्हणतात तर... चूक माझी आहे. पुन्हा एकदा विचारायला हवं होतं. आजी, मी आत्ता करून देते, पैसे नकोत."

"करून दे," बनाबाई खुर्चीवर बसत म्हणाल्या. "पन पैसं बोलू आदी. अर्ध्या किलोचा व्हतो का?"

"होतो. चारशे."

"थर एकच?"

"एकच."

"नक्षी?"

"तुम्ही म्हणाल ती."

"नको. खायाच्या वस्तूला कशाला. पोचवायचं?"

"पालीला?"

"हितंच खानार म्या. तुज्या दारातनं भाईर काडायचाच न्हाई, म्हंजी मोडला तर कुनाची जबाबदारी त्येचं भांडनच नको."

वैदेही हसली, रत्नालाही हसू फुटलं. हिरव्या पट्टीची भांडी उतरली. बनाबाईंनी पिशवी बाजूला ठेवली आणि खुर्ची पुढं ओढून सगळं डोळ्यांखाली घातलं: मैदा चाळताना, आटवलेलं दूध ओतताना, दही फेटून घालताना. "दह्यानं फुगतंय व्हय?" त्यांनी विचारलं. "सोडा आणि दही मिळून," वैदेही म्हणाली. भट्टीच्या काचेतून केक वर येताना दिसला, तेव्हा म्हातारी काचेशी वाकली. मग तो गार व्हायला तासभर, क्रीम लावायला अर्धा तास. रत्ना तिथंच भिंतीला टेकून पेंगली.

जाग आली तेव्हा वैदेही पांढरा, साधा, अर्ध्या किलोचा केक पुढं ठेवत होती. सुरी बनाबाईंच्या हातात होती. त्यांनी तुकडा कापला आणि तो रत्नाच्या हातात दिला. "भरीव."

रत्नानं तो त्यांच्या तोंडाशी नेला. बनाबाईंनी डोळे मिटले नाहीत. सुनेकडं बघत बघत त्यांनी तो खाल्ला, हळूहळू, शेवटचा कण सुद्धा बोटानं ओठावरून आत ढकलला.

"कसा लागला, आत्या?"

"खरवसाला कापूस मिळाल्यावानी," बनाबाई म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा स्वतः कापून घेतला. मग तिसरा. मग एक रत्नाला भरवला, एक वैदेहीला. गोड सोसत नसलेल्या बाईनं निम्मा केक संपवला आणि मगच तोंड पुसलं.

कंबरेची चंची सोडून त्यांनी घडी केलेल्या नोटा काढल्या. वैदेही मागं सरली. "आजी, खरंच नको."

"घे. चारशे."

"बरं, चारशे घेते. पण एगलेसचे पन्नास मी लावत नाही. तेवढं तरी माझं ऐका."

बनाबाईंनी आणखी एक पन्नासाची नोट काढली, मांडीवर सरळ केली आणि वैदेहीच्या हातात घातली.

"बाकीचं सोड हवं तर," त्या म्हणाल्या. "ते मातर लाव. ते माझ्यापायी वाढल्यात."